फारोचा 'प' कुणी नेला? कॉप्टिक धर्मग्रंथांतील शब्दसीमांचा शोध

(१)
आरे कॉलनीच्या हद्दीला लागूनच राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते आणि त्या रानात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेख प्रथम पाहणाऱ्याला एक गोष्ट चकित करते : दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही. अक्षरामागून अक्षर सलग कोरलेले आहे. तरीही प्राकृत जाणणारा वाचक शब्द फार अडखळत न जाता सुटे करतो. ते कसे, हे आधी पाहू. मग याच प्रश्नासाठी आपल्याला नाईल नदीच्या काठी जायचे आहे.

(२)
कान्हेरीच्या लेखांत 'नेगमस' असा शब्द भेटतो. अर्थ : व्यापाऱ्याचे. यातील शेवटचा 'स' हा षष्ठीचा प्रत्यय. दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय, त्याच्या पित्याचे नाव, अशी ओळ सरकत जाते आणि पुन्हापुन्हा 'स' येतो. प्रत्येक 'स' वाचकाला सांगतो की येथे एक शब्द संपला. मराठीचा स्वभावही असाच आहे. 'राजाचा', 'घरात', 'नदीवर' : खूण नेहमी शब्दाच्या शेपटीला. आपले कान शब्दाचा शेवट ऐकायला सरावलेले आहेत.

(३)
आता अशी भाषा कल्पावी, जिच्यात खुणा शेपटीला नसून तोंडाशी आहेत. आणि त्या भाषेत अशा परकीय शब्दांची गर्दी आहे, ज्यांच्या खुणा मात्र शेपटीलाच आहेत. शिवाय लिहिणारा मध्ये जागा सोडत नाही. ही भाषा म्हणजे कॉप्टिक, प्राचीन इजिप्शियन भाषेचा अखेरचा टप्पा. परके शब्द ग्रीक. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत बायबलची पुस्तके ग्रीकमधून या भाषेत उतरू लागली, तेव्हा हे मिश्रण पपायरसच्या आणि चामड्याच्या पानांवर आले.

(४)
लिपीबद्दल दोन शब्द. कॉप्टिक लिपी म्हणजे ग्रीक वर्णमाला आणि तिच्यात भर घातलेली काही अक्षरे. जे इजिप्शियन ध्वनी ग्रीकमध्ये नव्हते, त्यांच्यासाठी जुन्या डेमॉटिक लिपीतून ही अक्षरे घेतली. म्हणजे देशी शब्द आणि ग्रीक शब्द एकाच पेहरावात येतात. लिपीवरून कोण कुठला हे नेहमी ओळखू येत नाही. येथे सर्व उदाहरणे देवनागरीत देत आहे आणि ती सहिदिक, म्हणजे वरच्या इजिप्तमधील बोलीतील आहेत. त्या बोलीतील बायबल हे कॉप्टिक शिकणाऱ्याचे पहिले मैदान असते.

(५)
खुणा कोणत्या? नामाच्या आधी उपपद येते. पुल्लिंगी एकवचनाला 'प', स्त्रीलिंगीला 'त', अनेकवचनाला 'न'. ही नुसती व्यंजने असून नामाला चिकटूनच लिहिली जातात. इंग्रजीतील 'द' सुटा उभा राहतो, तशी यांची सोय नाही. नाम दोन व्यंजनांनी सुरू होत असेल, तर उच्चारासाठी मध्ये 'ए' येतो आणि उपपद 'पे', 'ते', 'ने' असे होते. हा बारीकसा नियम लक्षात ठेवावा. पुढे तोच आपल्याला सोडवणार आहे.

(६)
एक वाक्य सोडवून पाहू. हे कुठल्या ग्रंथातील नाही. धर्मग्रंथांत नेहमी भेटणारे शब्द घेऊन सरावासाठी जुळवले आहे :

अपग्गेलोस्जोओस्न्त्पार्थेनोस्अउओअस्पिस्तेउए

जागा नाही, स्वल्पविराम नाही. हस्तलिखितात ओळ संपते तिथे शब्दही मध्येच मोडलेला असू शकतो, हेही गृहीत धरावे. आता कात्री कुठे लावायची?

(७)
पहिली पायरी : ओळखीचा खांब शोधणे. 'अउओ' म्हणजे 'आणि'. हा शब्द पानोपानी येतो, म्हणून डोळा आधी त्याच्यावर स्थिरावतो. वाक्याचे दोन तुकडे झाले : 'अपग्गेलोस्जोओस्न्त्पार्थेनोस्' आणि 'अस्पिस्तेउए'.

दुसरी पायरी : ग्रीक शेपट्या. '-ओस्' हा ग्रीक नामांचा नित्याचा शेवट. कॉप्टिकने ग्रीक नामे घेतली ती प्रथमेच्या रूपात आणि मग ती शेपूट गोठून गेली. वाक्यात नाम कर्ता असो वा कर्म, शेपूट बदलत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्जीव आहे. पण शब्द तोडणाऱ्याला ती अजून उपयोगी पडते, कारण बहुधा तिथे शब्द संपतो.

(८)
या खुणेने पहिल्या तुकड्यात तीन जागा मिळतात : 'अपग्गेलोस्', 'जोओस्', 'न्त्पार्थेनोस्'. तोडणी बरोबर आहे, पण एका ठिकाणी कारण चुकीचे आहे. 'जोओस्' हा ग्रीक शब्द नाहीच. तो अस्सल इजिप्शियन आहे : 'जोओ' म्हणजे सांगणे आणि शेवटचा 'स्' म्हणजे 'ते'. 'जोओस्' म्हणजे 'ते सांगितले' यातील 'ते सांगणे'. ग्रीक शेपटीसारखी दिसणारी शेपूट इथे सर्वनाम निघाली. म्हणून शेपटीवरून केलेला प्रत्येक छेद अर्थाने पडताळावा लागतो.

(९)
तिसरी पायरी : तोंडाकडच्या खुणा सोलणे. 'अपग्गेलोस्'मधला पहिला 'अ' भूतकाळ दाखवतो. त्यानंतरचा 'प' हे पुल्लिंगी उपपद. उरतो 'अग्गेलोस्', उच्चार 'अंगेलोस', म्हणजे देवदूत. मराठीत संधी होताना जसे दोन ध्वनी एका अक्षरात मिसळतात, तसा येथे 'प' पुढच्या 'अ'मध्ये मिसळून 'प'पासून सुरू होणारा नवाच शब्द असल्याचा भास देतो.

'न्त्पार्थेनोस्'मध्ये 'न्' म्हणजे 'ला', 'त्' हे स्त्रीलिंगी उपपद, आणि 'पार्थेनोस्' म्हणजे कुमारिका. इथला 'पा' मात्र शब्दाचाच भाग आहे.

(१०)
उरला 'अस्पिस्तेउए'. येथे ग्रीक जाणणाऱ्याचा पाय हमखास घसरतो, कारण 'अस्पिस्' हा खराखुरा ग्रीक शब्द आहे : विषारी नाग. पण 'अस्पिस्' कापून घेतला तर मागे 'तेउए' उरतो आणि त्याचे काहीच होत नाही. मराठीत 'नवराजाआला' असे सलग लिहिले, तर 'नवरा' हा शब्द आधी दिसतो. मग 'जाआला' उरतो आणि आपण मागे फिरून 'नव राजा आला' असे वाचतो. अगदी तसेच. कुठलाही छेद खरा आहे की नाही, हे त्याने मागे सोडलेल्या उरलेल्या तुकड्यावरून ठरते.

(११)
मागे फिरून पाहिले की 'अ-स्-पिस्तेउए' दिसते. 'अ' भूतकाळाचा, 'स्' म्हणजे 'ती', आणि 'पिस्तेउए' हे ग्रीक क्रियापद : विश्वास ठेवणे. सगळे वाक्य असे :

अ-प-अग्गेलोस् जोओ-स् न्-त-पार्थेनोस् अउओ अ-स्-पिस्तेउए

'देवदूताने ते कुमारिकेला सांगितले आणि तिने विश्वास ठेवला.' नामे ग्रीक, एक क्रियापदही ग्रीक. पण काळ, लिंग, वचन, कर्ता आणि 'ला' हे सगळे तोंडाशी लागलेले इजिप्शियन तुकडे सांगतात. शब्द पाहुणे असले तरी घर चालवतो तो यजमानच.

(१२)
या वाक्यातच एका अक्षराचा मोठा खेळ दडलेला आहे. कॉप्टिकमध्ये 'पा-' म्हणजे 'माझा'. 'माझा देवदूत' असे लिहायचे तर 'पा-अग्गेलोस्', म्हणजे लिपीत दोन 'अ' शेजारीशेजारी येतात. 'तो देवदूत' लिहिताना एकच. सलग लिहिणाऱ्या लेखनिकाकडून शेजारच्या दोन सारख्या अक्षरांपैकी एक गळणे ही अगदी नेहमीची चूक. ती झाली की 'माझा'चा 'तो' होतो आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध राहते. अशी चूक नुसत्या नजरेने सापडत नाही. दुसरे हस्तलिखित किंवा मूळ ग्रीक पाठ शेजारी ठेवावा लागतो.

(१३)
आता खरा पेच : तीन अक्षरे, 'प-न-अ'.

वाचन पहिले : 'प-ना'. 'ना' हा देशी शब्द, अर्थ दया. 'प' हे उपपद. म्हणजे 'दया'.

वाचन दुसरे : 'प्नेउमा' या ग्रीक शब्दाचा संक्षेप. अर्थ आत्मा; 'पवित्र आत्मा' म्हणताना येणारा तोच. पवित्र मानलेली काही नामे पहिली-शेवटची अक्षरे ठेवून थोडक्यात लिहायची आणि वर आडवी रेघ द्यायची, ही प्रथा ग्रीक हस्तलिखितांतून कॉप्टिकमध्ये आली. त्यामुळे 'प्नेउमा'चाही 'पना' झाला.

पहिल्या वाचनात 'प' वेगळा काढायचा आहे. दुसऱ्यात काढला तर शब्दच मरतो.

(१४)
निवाडा कसा करायचा? पहिला साक्षीदार ती आडवी रेघ. पण हा साक्षीदार थोडा गोंधळाचा आहे, कारण सहिदिक लेखनात स्वराविना उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांवरही आडवी रेघ देतात. संक्षेपाची रेघ अक्षरसमूहावर पसरते, दुसरी बहुधा व्यंजनापुरती असते. पान झिजलेले असेल तर दोन्ही पुसट होतात.

दुसरा साक्षीदार जास्त भरवशाचा : आपला पाचव्या भागातला नियम. 'प्नेउमा' दोन व्यंजनांनी सुरू होतो, म्हणून त्याचे उपपद 'पे'. 'तो आत्मा' म्हणजे 'पेपना'. 'ती दया' म्हणजे 'पना'. एक जादा 'पे' दिसला की वाद मिटतो.

(१५)
पण हाच 'पे' दुसरीकडे नवा वाद उभा करतो. 'पेस्ताउरोस्' हा शब्दसमूह घ्या. 'पे-स्ताउरोस्' असा तोडला तर 'तो क्रूस' : 'स्ताउरोस्' दोन व्यंजनांनी सुरू होतो, म्हणून 'पे'. मात्र 'पेस्-' म्हणजे 'तिचा' असेही एक उपपद आहे आणि ग्रीकमध्ये 'ताउरोस्' म्हणजे बैल. म्हणून केवळ अक्षरांवर विसंबले तर 'पेस्-ताउरोस्', 'तिचा बैल', हेही वाचन निघते. शुभवर्तमानातील प्रसंगात कुणी असे वाचणार नाही. तरी येथे निर्णय व्याकरणाने झालेला नाही, तो प्रसंगाने झाला. तुटक्या पानावर, जिथे मागचापुढचा मजकूर नाही, तिथे प्रसंगाचा हा आधारही सुटतो.

(१६)
आणि कधी सीमा एका अक्षराच्या पोटातूनच जाते. सहिदिकमध्ये 'त' आणि 'ह' शेजारी आले की दोन्हींच्या जागी बहुधा ग्रीक 'थीटा' लिहितात, आपला 'थ'च जणू. 'हे' म्हणजे रीत. 'त-हे', 'ती रीत', लिहिताना होते 'थे'. उपपद आणि नाम यांच्यामध्ये सुरी घालायची तर ती 'थ'च्या मधोमध घालावी लागते.

याचा परिणाम ग्रीक शब्दांवरही झाला. 'थालास्सा' म्हणजे समुद्र, ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी. कॉप्टिक लेखनात तो निश्चित अर्थाने येतो, तेव्हाही पुष्कळदा त्याच्याआधी वेगळा 'त' दिसत नाही. कारण ऐकणाऱ्यांनी 'थालास्सा'मध्येच 'त-हालास्सा' ऐकले. परक्या शब्दाचे पहिले अक्षर आपले उपपद ठरले.

(१७)
असा गैरसमज एका फार मोठ्या शब्दाच्या वाट्याला आला, आणि तोही परका नव्हे, घरचाच. 'पेर-आ' या प्राचीन इजिप्शियन शब्दाचा अर्थ 'थोर घर', म्हणजे राजवाडा. आपल्याकडे 'वाड्यावरून निरोप आला' म्हणताना वाडा म्हणजे वाड्यातला धनी, तसेच तिथे झाले : नव्या साम्राज्याच्या काळात हा शब्द राजासाठीच वापरला जाऊ लागला. हिब्रू आणि ग्रीकमार्गे तो जगभर गेला. मराठी बायबलमधला 'फारो' तोच.

इजिप्तमध्ये मात्र उच्चार झिजत गेला आणि शब्द 'प्र्रो' असा ऐकू येऊ लागला. दरम्यान भाषेत 'प' हे पुल्लिंगी उपपद रूढ झाले होते. राजा पुल्लिंगी. मग लोकांनी 'प्र्रो' ऐकले ते 'प-र्रो' असे, 'तो राजा' या अर्थाने. उरलेला 'र्रो' हाच 'राजा'चा शब्द झाला.

(१८)
हा केवळ तर्क नाही, हे कशावरून? उपपद बदलून पाहावे. 'एक राजा' म्हणायला कॉप्टिकमध्ये 'उ-र्रो' म्हणतात, 'प' गायब. 'राणी' म्हणजे 'त-र्रो', शेवटचा 'ओ' दीर्घ; तिथेही 'प' नाही, त्याच्या जागी स्त्रीलिंगी 'त'. 'प' शब्दाचा खरा अवयव असता, तर या रूपांत तो टिकला असता. सलग लिपीतल्या कुठल्याही संशयित 'प' किंवा 'त'ची हीच कसोटी : तोच शब्द दुसऱ्या उपपदासह कुठे भेटतो का, आणि भेटतो तेव्हा ते अक्षर जागेवर राहते का?

(१९)
आता निर्गम या पुस्तकाचे कॉप्टिक भाषांतर डोळ्यांसमोर आणा. भाषांतरकारापुढे ग्रीक पाठ आहे. त्यात 'फाराओ' हे राजाचे नाव म्हणून येते आणि 'इजिप्तचा राजा' हे वर्णन म्हणून. तो पहिले तसेच ठेवतो आणि दुसऱ्यासाठी आपला रोजचा शब्द वापरतो : 'फाराओ प-र्रो'. म्हणजे 'फारो, तो राजा'. एकच शब्द दोनदा आला आहे. एकदा परदेशवारी करून परतलेला, म्हणून 'प'ची आठवण 'फ'मध्ये जपलेला. एकदा घरीच राहिलेला, पण 'प' उपपदाला देऊन बसलेला. शेजारी उभ्या असलेल्या या जुळ्यांचे नाते लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले असण्याचे कारण नव्हते. सीमा सरकून शतके लोटली होती.

(२०)
व्यवहारात याने काय अडते? कोश उघडताना अडते. वॉल्टर क्रम यांचा १९३९चा कॉप्टिक कोश आजही अभ्यासकाच्या हाताशी असतो. त्याची मांडणी शब्दातील व्यंजनांच्या क्रमाने आहे आणि त्यात ग्रीकमधून आलेल्या शब्दांना स्वतंत्र नोंदी नाहीत. म्हणजे 'पना' समोर आला की कोश उघडण्याआधीच ठरवावे लागते : 'प' काढून 'न'खाली 'दया' पाहायची, की क्रम मिटून ग्रीक कोश घ्यायचा. शब्द कळण्यासाठी कोश हवा आणि कोश निवडण्यासाठी शब्द कळलेला हवा.

(२१)
छापील आवृत्तीत जागा सोडलेल्या दिसतात, त्या संपादकाच्या असतात. जॉर्ज हॉर्नर यांनी १९११ ते १९२४ या काळात सहिदिक नवा करार प्रसिद्ध केला. वॉल्टर टिल यांनी १९६०मध्ये शब्द कसे तोडावेत यावर स्वतंत्र लेख लिहिला. बेंटली लेटन यांच्या २०००च्या व्याकरणात एका उच्चारात बांधलेले समूह एकत्र लिहिण्याची पद्धत आहे. कुठले तुकडे जोडावेत आणि कुठले सुटे ठेवावेत यावर ही मंडळी सर्वत्र एकमत नाहीत. म्हणून एकाच वचनाच्या दोन आवृत्तींत जागा वेगळ्या दिसल्या, तर हस्तलिखिते वेगळी आहेत असा निष्कर्ष काढू नये. आधी जागा पुसाव्यात, अक्षरे ताडून पाहावीत. मगच पाठभेदाची गोष्ट करावी.

(२२)
शेवटी एक शब्द आपल्या घरातला. ग्रीक 'अलेक्झांड्रोस' पूर्वेकडे आला, तेव्हा अरबी कानांना त्यातला 'अल' आपले उपपद वाटला. तो वेगळा काढल्यावर उरला 'इस्कंदर', मधले व्यंजन उलटून. इजिप्तमधले त्याचे शहर अरबीत 'अल-इस्कंदरिया' झाले. फारसीमार्गे तो स्वतः आपल्याकडे 'सिकंदर' होऊन आला. 'र्रो'ने 'प' गमावला तसाच सिकंदरने 'अल' गमावला. दोन्ही ठिकाणी कुणी लेखनिक चुकलेला नाही. ऐकणाऱ्यांनी शब्दाची सीमा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली, पुढच्या पिढीने तीच खरी मानली आणि मग ती खरीच झाली.